नो कॉस्ट हप्ता की रोख? मोबाईल घेताना खरा हिशोब कसा काढायचा

जळगावच्या गोलाणी मार्केटात मोबाईलच्या कुठल्याही दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो: "महिनाले कितला बशी?" काउंटरवरचा पोरगा लगेच उत्तर देतो, "चार हजार, सहा महिने, व्याज झिरो." गिऱ्हाईक मनात पगाराशी किंवा दुधाच्या बिलाशी ताळा करतं, आधार कार्ड काढतं, ओटीपी सांगतं आणि फोन घेऊन बाहेर पडतं.

हा प्रश्न विचारावाच लागतो, फक्त तो दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा: "आज पूर्ण पैसे दिले तर शेवटचा भाव काय?" या दोन उत्तरांमध्ये जो फरक पडतो, तो नो कॉस्ट हप्त्याचा खरा खर्च. हा फरक कोणी आपणहून सांगत नाही आणि कुठल्या कागदावर छापूनही येत नाही. तो आपणच काढायचा असतो. पहिल्यांदाच हप्त्यावर फोन घेणाऱ्याला तो काढता यावा म्हणून इथे सगळं पायरीपायरीने मांडलं आहे.

आधी समजून घ्या: व्याज जातं कुठे

बँक असो की फायनान्स कंपनी, उधार दिलेल्या पैशावर ती व्याज घेतेच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं, आणि प्रोसेसिंग फीच्या नावाखाली व्याज लपवू नये. त्यानंतर "झिरो पर्सेंट" मागे पडलं आणि "नो कॉस्ट" आलं.

या नव्या पद्धतीत व्याजाची रक्कम आधीच सवलत म्हणून किमतीतून वजा होते. ही सवलत मोबाईल कंपनी, दुकानदार किंवा ऑनलाइन विक्रेता सोसतो. उरलेल्या रकमेवर बँक नेहमीसारखं व्याज लावते आणि शेवटी बेरीज मूळ किमतीइतकी येते. म्हणजे व्याज आहे, फक्त ते भरणारा दुसरा आहे. मग तो दुसरा ते कुठून वसूल करतो? पुष्कळदा रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती तुम्हाला न देऊन. शिवाय फी आणि कर तुमच्याच माथी येतात. या तीन ठिकाणी नजर ठेवली की बाकीचं सोपं आहे.

पायरी १: हप्त्याचं नाव न काढता रोख भाव विचारा

दुकानात शिरल्या शिरल्या "हप्त्यावर मिळेल का?" असं विचारू नका. एकदा तुम्ही हप्त्याचे गिऱ्हाईक ठरलात की पुढचं सगळं बोलणं महिन्याच्या आकड्यावरच चालतं. आधी मॉडेल, रॅम, स्टोरेज सांगून रोखीचा शेवटचा भाव विचारा. दोन दुकानांत विचारा, घरी बसून ऑनलाइनही बघा. ऑनलाइन बघताना त्या दिवशी कुठल्या बँकेच्या कार्डावर सरळ सूट आहे तेही नोंदवा, कारण ती सूट धरूनच खरा रोख भाव निघतो.

खोक्यावरच्या एमआरपीकडे पाहून खूश होऊ नका. एमआरपी २७,९९९ छापलेली असते आणि फोन सगळीकडे २४,००० ला मिळत असतो, म्हणून "चार हजार वाचले" हा हिशोब फोल आहे. एमआरपीचा उपयोग एवढाच की त्यात सगळे कर धरलेले असतात आणि त्याच्यावर एक रुपयाही घेता येत नाही. "जीएसटी वेगळा लागेल" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. आणि दुकानदाराने सांगितलेला "कॅश भाव" जीएसटीच्या पक्क्या बिलासकट आहे ना, हे विचारून घ्या. बिलाशिवाय पाचशे कमी, ही सूट नव्हे. पुढे वॉरंटी, चोरीची तक्रार, विम्याचा दावा, सगळ्याला बिल लागतं.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक उदाहरण धरू. पाचोऱ्याचा एक तरुण जळगावला फोन घ्यायला आला आहे. फोनची सांगितलेली किंमत २४,०००. घासाघीस करून रोखीचा, पक्क्या बिलाचा भाव निघाला २३,०००. हा २३,००० चा आकडा त्याने मोबाईलमध्ये टिपून ठेवला. पुढे जे काही जास्तीचं जाईल ते याच आकड्यावर मोजायचं.

पायरी २: क्रेडिट कार्ड असेल तर हप्त्याची पूर्ण बेरीज करा

त्याच्याकडे क्रेडिट कार्ड आहे. योजना सहा महिन्यांची, हप्ता ४,०००, एकूण २४,०००. वरवर पाहता काहीच जास्तीचं नाही. आता आतलं बघू.

बँकेचा व्याजदर समजा वर्षाला १६ टक्के आहे. तेव्हा व्याजाची १,०८१ रुपयांची सवलत आधी वजा होते आणि कार्डावर २२,९१९ रुपयांचं कर्ज उभं राहतं. सहा हप्त्यांत बँक हे २२,९१९ आणि वर १,०८१ व्याज वसूल करते. इथवर बेरीज २४,००० च आहे. पण क्रेडिट कार्डाच्या व्याजावर सरकार १८ टक्के जीएसटी घेतं, आणि तो सवलतीत धरलेला नसतो. १,०८१ वर तो होतो १९५ रुपये. शिवाय बँकेची प्रोसेसिंग फी. ती १९९ धरली तर तिच्यावरच्या जीएसटीसह २३५. दोन्ही मिळून ४३० रुपये झाले.

हे ४३० एकदम दिसत नाहीत. पहिल्या बिलात हप्ता ४,०००, फी २३५ आणि पहिल्या महिन्याच्या व्याजावरचा कर ५५, असे ४,२९० येतात. दुसऱ्या बिलात ४,०४६. मग दर महिन्याला कर थोडा थोडा घटत जातो. पहिलं बिल पाहून "बँकेने चुकीचे पैसे लावले" म्हणून पुष्कळ लोक चिडतात. बँकेने चूक केलेली नसते. खरेदीच्या पानावर बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं, फक्त कोणी वाचलेलं नसतं.

आता रोखीशी तुलना करा. हप्त्याने एकूण गेले २४,४३०. रोखीने गेले असते २३,०००. जास्तीचे १,४३०. त्यातले ४३० बिलात दिसतात, आणि हजार कुठेच दिसत नाहीत, कारण ती न मिळालेली सूट आहे.

हे १,४३० म्हणजे किती टक्के व्याज झालं, ते काढायची एक सोपी रीत आहे. जास्तीच्या पैशांना २४ ने गुणा. उधार घेतलेल्या रकमेला हप्त्यांच्या संख्येत एक मिळवून गुणा. पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि शंभराने गुणा. इथे १,४३० गुणिले २४ म्हणजे ३४,३२०. खाली २३,००० गुणिले ७ म्हणजे १,६१,०००. भागाकार आला साधारण २१ टक्के. हप्त्यागणिक मुद्दल कमी होत जातं, म्हणून नुसतं "तेवीस हजारावर चौदाशे, म्हणजे सहा टक्के" असं म्हणून चालत नाही. सरासरी धरली तर तुम्ही त्या पैशांपैकी अर्ध्याहून थोडेच जास्त वापरत असता. हे गणित अंदाजाचं आहे, पण निर्णय घ्यायला पुरेसं आहे.

नो कॉस्ट म्हणून घेतलेल्या हप्त्याला २१ टक्के पडले. याहून कमी दराने सोनेतारण किंवा पतपेढीचं कर्ज मिळू शकतं. मात्र दोन गोष्टी बदलल्या की हेच गणित उलटं फिरतं, तेही सांगायला हवं.

एक म्हणजे रोखीला काहीच सूट नसेल, कितीही घासाघीस केली तरी २४,००० च असेल, तर हप्त्याचा खर्च फक्त ४३० उरतो. तुमचे पैसे बचत खात्यात पडून राहिले तर सहा महिन्यांत त्यावर जेमतेम दोनशेच्या आसपास व्याज येईल, म्हणजे हप्ता तरीही किंचित महागच. पण घरात दवाखान्यासाठी किंवा खत-बियाण्यासाठी पैसे हाताशी ठेवायचे असतील, तर ४३० रुपये ही त्या सोयीची रास्त किंमत आहे आणि मी ती खुशाल देईन.

दुसरं म्हणजे दिवाळीच्या सुमारास काही बँका फक्त हप्त्याच्या व्यवहारावर मोठी सूट देतात. समजा हप्त्याने घेतलं तर २,५०० कमी आणि पूर्ण स्वाइप केलं तर १,००० कमी. अशा वेळी सवलतीतला १,५०० चा फरक फी आणि कराच्या ४३० ला पुरून उरतो. म्हणून मी "हप्ता नकोच" असं कधी सांगत नाही. दोन्ही बेरजा शेजारी शेजारी लिहा, एवढंच सांगतो.

कार्डाबद्दल आणखी एक. हप्ता सुरू होताच फोनची पूर्ण रक्कम तुमच्या कार्डाच्या मर्यादेतून अडकते आणि हप्ते भरत जाल तशी मोकळी होते. तीस हजारांच्या मर्यादेच्या कार्डावर २४,००० चा फोन घेतला तर अडीअडचणीला कार्डात काही उरत नाही. आणि महिन्याचं बिल पूर्ण न भरता "मिनिमम ड्यू" भरलं, तर उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं. तिथे नो कॉस्टचं नावही शिल्लक राहत नाही.

पायरी ३: दुकानातलं फायनान्स असेल तर काउंटरवर किती जातात ते मोजा

आपल्याकडे क्रेडिट कार्ड थोड्यांकडेच असतं. बहुतेकांचा हप्ता दुकानात टेबल टाकून बसलेल्या फायनान्सवाल्याकडूनच होतो. इथे योजनेचं नाव "८/२" किंवा "१०/२" असं असतं. ८/२ म्हणजे एकूण आठ हप्ते, त्यातले दोन आजच भरायचे.

तोच फोन, तीच २४,००० ची किंमत. हप्ता ३,०००. काउंटरवर दोन हप्त्यांचे ६,००० गेले. शिवाय प्रोसेसिंग फी आणि फाइल चार्ज मिळून समजा ७०० गेले. आज खिशातून ६,७०० गेले आणि पुढे सहा महिने ३,००० प्रमाणे १८,००० जाणार. एकूण २४,७००. रोखीच्या २३,००० वर १,७०० जास्त.

मागच्या उदाहरणापेक्षा फक्त २७० रुपये जास्त वाटतात. पण उधार किती मिळाली ते पाहा. रोखीने घेतला असता तर २३,००० लागले असते, तुम्ही आज ६,७०० दिले, म्हणजे उधार मिळाले १६,३००. वरचीच रीत लावा: १,७०० गुणिले २४ म्हणजे ४०,८००, खाली १६,३०० गुणिले ७ म्हणजे १,१४,१००. उत्तर सुमारे ३६ टक्के. दोन हप्ते आधीच घेतले की उधारी लहान होते आणि फी तीच राहते, म्हणून टक्का एवढा चढतो.

आता यात "मोबाईल प्रोटेक्शन" नावाचे ९९९ मिळवा, जे पुष्कळदा न विचारताच जोडले जातात. मग काउंटरवर ७,६९९ जातात, उधार उरते १५,३०१, जास्तीचे होतात २,६९९, आणि दर साठ टक्क्यांच्या घरात जातो. प्रोटेक्शनचा उपयोग होऊ शकतो, स्क्रीन फुटली तर पैसे मिळू शकतात, हे खरं. पण ते हवं असेल तर स्वतंत्र घ्या, त्यात काय भरून मिळतं आणि काय नाही ते वाचून घ्या. कर्ज मंजूर व्हायला ते घ्यावंच लागतं असं सांगितलं, तर "तसं लिहून द्या" म्हणा. सहसा कोणी लिहून देत नाही, आणि ते ९९९ वगळले जातात.

म्हणून फायनान्सवाल्याला विचारायचे प्रश्न नेमके ठेवा. आज एकूण किती द्यायचे, आणि त्यातले हप्ते किती, फी किती, विमा किती, कार्डाचे किती? पुढे किती हप्ते, कितीचे? कंपनीचं हप्त्याचं कार्ड बनवलं तर त्याची वार्षिक फी आहे का? उत्तर तोंडी नको, कागदावर आकडे लिहून घ्या. फाइल चार्ज रोखीने मागितला आणि पावती देत नसेल, तर तो चार्ज कंपनीचा आहे की टेबलावरच्या माणसाचा, हे कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून विचारता येतं. तसं विचारतो म्हटलं तरी पुष्कळदा आकडा कमी होतो.

पायरी ४: ओटीपी सांगण्याआधी एक कागद मागा

हीच पायरी सगळ्यात जास्त चुकते. दुकानात गर्दी असते, पोरगा म्हणतो "भाऊ, ओटीपी आला का?" आणि आपण सांगून मोकळे होतो. तो ओटीपी म्हणजे तुमची सही असते. एक ओटीपी केवायसीचा, एक कर्जाच्या कराराचा, एक खात्यातून हप्ता कापण्याच्या मॅन्डेटचा. प्रत्येक मेसेज उघडून तो कशासाठी आहे ते वाचा, मगच सांगा.

करारावर सही करण्याआधी "की फॅक्ट स्टेटमेंट" मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासाठी हा तक्ता द्यायचाच आहे, आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा आहे. म्हणजे मराठीत मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यात कर्जाची रक्कम, हप्ते, सगळ्या फी, विम्यासारखे दुसऱ्यांसाठी गोळा केलेले पैसे आणि हे सगळं धरून निघणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, दिलेला असतो. या तक्त्यात नसलेली कुठलीही फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. म्हणून हा कागद फोनमध्ये जपून ठेवा. क्रेडिट कार्डाच्या उधारीला मात्र हा नियम लागू नाही, तिथे खरेदीच्या पानावरच्या अटीच वाचाव्या लागतात.

या तक्त्याचीही एक मर्यादा आहे. आपल्या ८/२ च्या उदाहरणात तक्त्यावरचा एपीआर १३-१४ टक्के दिसू शकतो, कारण कंपनी १८,००० चं कर्ज आणि ७०० फी एवढंच धरते. रोखीची बुडालेली हजाराची सूट दुकानदार आणि तुमच्यातली, ती कंपनीच्या कागदात येणार नाही. आपल्या रीतीने काढलेले ३६ टक्के आणि कागदावरचे १४ यांत फरक पडतो तो त्यामुळेच. कागद खोटा नसतो. तो दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत असतो.

पायरी ५: हप्त्याची तारीख तुमच्या पैशाच्या तारखेशी जुळवा

खान्देशात ही पायरी सोडून चालणार नाही. एमआयडीसीत कामाला असलेल्याचा पगार सातला किंवा दहाला होतो, आणि हप्ता दोन तारखेला किंवा पाचला कापला जातो. शेतकऱ्याचं तर आणखी वेगळं. कापसाचा पैसा दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आटतो. रावेर-यावलकडे केळीची गाडी भरली तरी व्यापाऱ्याकडून पैसे पुढे-मागे होतात. हप्त्याला यातलं काही कळत नाही, तो ठरल्या तारखेला खात्यावर येतोच.

खात्यात पैसे नसले की हप्ता बाउन्स होतो आणि दोन ठिकाणी दंड बसतो. तुमची बँक मॅन्डेट परत गेल्याचे पैसे कापते. कित्येक बँकांत ते २५० ते ५०० रुपये आणि वर जीएसटी असे असतात. फायनान्स कंपनी तिचा बाउन्स चार्ज वेगळा लावते. हप्ता पुन्हा लावला आणि पुन्हा परत गेला, तर बँक पुन्हा कापू शकते. तीन हजारांच्या एका चुकलेल्या हप्त्यावर हजाराच्या आसपास दंड सहज होतो, म्हणजे सहा महिन्यांत जे व्याज वाचवलं असं वाटलं ते एका झटक्यात गेलं. दंडाबद्दल रिझर्व्ह बँकेचा एक नियम लक्षात असू द्या. एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांत थकबाकीवर दंड म्हणून व्याजदर वाढवता येत नाही, वेगळा दंड आकारता येतो, आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

थकलेला हप्ता सिबिलमध्येही नोंदला जातो. पुढे ट्रॅक्टरचं किंवा घराचं कर्ज मागायला गेल्यावर बँकेचा साहेब तो जुना मोबाईलचा हप्ता काढून दाखवतो. काही कंपन्या हप्त्यावर दिलेल्या फोनमध्ये लॉक करणारं ॲपही टाकतात, त्यामुळे थकला की फोनच बंद पडतो. असं ॲप आहे का, हे घेतानाच विचारा.

तेव्हा तारीख निवडायची सोय असेल तर पगारानंतर दोन-तीन दिवसांची तारीख घ्या. ज्याचं उत्पन्न हंगामी आहे, त्याने सहा महिन्यांच्या हप्त्याचा विचार कापूस विकल्यावर करावा आणि निदान तीन हप्त्यांचे पैसे त्याच खात्यात बाजूला ठेवावेत. पावसाळ्यात, पेरणीचा खर्च डोक्यावर असताना हप्ता सुरू करणं मला धोक्याचं वाटतं, मग व्याज शून्य असो की नसो. त्यापेक्षा चार महिने थांबून, कापसाच्या पैशातून रोखीने २३,००० ला घेतलेला फोन स्वस्त पडतो. तोवर त्याच मॉडेलचा भावही बहुधा थोडा उतरलेला असतो.

पायरी ६: बिल आणि खोकं तिथेच तपासा

बिलावर तुमचं नाव, मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक असावा. फोनवर `*#06#` दाबलं की आयएमईआय दिसतो, तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. मोबाईलवर जीएसटी १८ टक्के आहे आणि तो किमतीच्या आतच असतो. २३,००० च्या बिलात मूळ किंमत सुमारे १९,४९२ आणि कर ३,५०८ असं दिसेल. बिलाची बेरीज ठरलेल्या भावाशी जुळत नसेल तर ओळ न् ओळ वाचा. कव्हर, काच, "सेटिंग चार्ज", वाढीव वॉरंटी असं काहीतरी त्यात घुसलेलं असतं. नको असेल ते तिथेच काढायला लावा.

कार्ड स्वाइप करताना "दोन टक्के जास्त लागतील" असं सांगितलं, तर यूपीआयने द्या किंवा ते दोन टक्के रोख भावात धरून पुन्हा तुलना करा. २३,००० वर ते ४६० होतात.

पायरी ७: घरी आल्यावर

फोन बिघडलेला निघाला आणि परत केला, तर हप्ता आपोआप बंद होतो असं समजू नका. कार्डाच्या नो कॉस्ट खरेदीत सवलत वजा होऊनच पैसे कार्डावर गेलेले असतात, म्हणून परतही तेवढेच येतात. आपल्या उदाहरणात २२,९१९. त्यानंतर बँकेला फोन करून हप्ता रद्द करायला सांगावं लागतं. तोवर लागलेलं व्याज, कर आणि प्रोसेसिंग फी बहुधा परत मिळत नाही. परत करायचा तर पहिलं बिल यायच्या आत करा. मोबाईल ॲपवरून म्हणजे डिजिटल पद्धतीने कर्ज घेतलं असेल, तर निदान एक दिवसाची मुदत अशी असते की त्या काळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन दंडाशिवाय कर्ज सोडता येतं. फी मात्र कंपनी ठेवू शकते.

पहिला हप्ता कापला गेल्यावर पासबुकातला आकडा कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहा. शेवटचा हप्ता गेल्यावर कंपनीकडून कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र घ्या आणि मॅन्डेट रद्द झालं का ते बँकेत विचारा. जुनं मॅन्डेट चालू राहिलं की कधी कधी कार्डाची वार्षिक फी त्यातूनच कापली जाते. महिन्या-दोन महिन्यांनी सिबिल अहवालात ते कर्ज "बंद" दिसतं का तेही बघा.

न सांगितलेले पैसे कापले गेले, तर आधी कंपनीकडे किंवा बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रार दुकानदाराबद्दल असेल, म्हणजे एमआरपीपेक्षा जास्त घेतले, बिल दिलं नाही, न सांगता विमा जोडला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथे मिटलं नाही तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीसोबत बिल, की फॅक्ट स्टेटमेंट, काउंटरवर आकडे लिहून घेतलेला कागद आणि पैसे कापल्याचे मेसेज, हे चार पुरावे जोडा.